लाल एलईडी दोन व्होल्टला पेटतो, निळ्याला तीनच्या आसपास का लागतात?

टेबलावर दोन एलईडी ठेवा, दोन्ही पारदर्शक प्लास्टिकचे, बंद असताना कोणता लाल आणि कोणता निळा हे बघून कळणारच नाही असे. आता प्रत्येकाला एक रेझिस्टर लावून करंट २० मिलिअँपवर आणा आणि एलईडीच्या दोन पायांमधला व्होल्टेज मोजा. एकावर १.९ ते २.१ व्होल्टच्या आसपास आकडा येईल, दुसऱ्यावर ३ च्या आसपास, कधी थोडा वर. पहिला लाल, दुसरा निळा. डोळे मिटून नुसता मीटर वाचलात तरी रंग सांगता येतो, आणि मला वाटतं हा विषय समजून घ्यायला याच्याइतकी चांगली सुरुवात दुसरी नाही, कारण रंग प्लास्टिकमध्ये नाहीये, आतल्या स्फटिकात आहे, हे इथेच कळून जातं.

(एक सूचना आधीच देतो. मल्टीमीटरच्या डायोड मोडवर निळा एलईडी लावला आणि काहीच दिसलं नाही तर तो खराब आहे असं लगेच ठरवू नका. बरेच मीटर त्या मोडवर दोन-अडीच व्होल्टच देतात, तेवढ्यात निळा पेटतच नाही.)

आता हे का होतं ते बघू.

एलईडीच्या आत अर्धवाहकाचा एक छोटासा तुकडा असतो, खसखशीच्या दाण्याएवढा वगैरे. त्यातल्या इलेक्ट्रॉनना कुठलीही ऊर्जा चालत नाही. खालचा एक पट्टा असतो, तिथे इलेक्ट्रॉन अणूंमधल्या बंधांत अडकलेले असतात, त्याला व्हॅलन्स बँड म्हणतात. वर दुसरा पट्टा असतो, तिथे ते मोकळे फिरतात, तो कंडक्शन बँड. मधे एक रिकामी जागा असते जिथे इलेक्ट्रॉनला राहायची परवानगीच नाही, ती म्हणजे बँड गॅप. करंट सोडला की एका बाजूने मोकळे इलेक्ट्रॉन येतात, दुसऱ्या बाजूने होल येतात, होल म्हणजे खालच्या पट्ट्यातली रिकामी जागा. जंक्शनवर दोघं भेटले की इलेक्ट्रॉन त्या रिकाम्या जागेत पडतो आणि पडताना जेवढी ऊर्जा सुटते तेवढ्या ऊर्जेचा एक फोटॉन बाहेर येतो. मधे थांबायला पायरी नाही, त्यामुळे अर्धी ऊर्जा आता आणि अर्धी नंतर असं होत नाही. गॅप जेवढी, फोटॉनची ऊर्जा साधारण तेवढीच, आणि फोटॉनची ऊर्जा म्हणजेच रंग.

हिशोब एका ओळीचा आहे:

ऊर्जा (इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये) = १२४० ÷ तरंगलांबी (नॅनोमीटरमध्ये)

नेहमीच्या लाल एलईडीची तरंगलांबी ६३० नॅनोमीटर धरा, तर १२४० भागिले ६३०, म्हणजे १.९७. निळा ४६० धरा, तर २.७०. आणि इलेक्ट्रॉन-व्होल्ट या एककाचा अर्थच असा आहे की एका इलेक्ट्रॉनला एक व्होल्टमधून नेल्यावर मिळणारी ऊर्जा, म्हणून १.९७ ऊर्जेचा फोटॉन हवा असेल तर एलईडीवर साधारण तेवढे व्होल्ट लावावेच लागतात. वर मीटरवर जे दिसलं ते हेच. लाल जवळपास तिथेच बसतो, निळ्याचे तीनच्या आसपास का होतात तर २.७ ही फक्त फोटॉनची किंमत झाली, त्याच्या वर आतल्या थरांचा आणि जोडण्यांचा रेझिस्टन्स आहे, तिथे थोडे व्होल्ट खर्च होतात, निळ्याच्या बाबतीत ते जरा जास्त. म्हणून व्होल्टेजवरून गॅप काढायची असेल तर पूर्ण प्रकाशाला नाही, अंधारात व्होल्टेज हळूहळू वाढवत नेऊन एलईडी जेमतेम मिणमिणायला लागतो तिथे आकडा घ्यायचा. तोही तंतोतंत गॅप नसतो, जरा खालीच येतो, कारण उष्णतेमुळे काही इलेक्ट्रॉनांकडे आधीच थोडी जास्तीची ऊर्जा असते. पण लाल आणि निळा यांतला फरक स्वच्छ दिसतो.

मग गॅप कशावर ठरते? ढोबळ उत्तर असं की अणू एकमेकांना किती घट्ट धरून बसलेत त्यावर. इलेक्ट्रॉनला खालच्या पट्ट्यातून वर काढणं म्हणजे एक बंध तोडणं. बंध घट्ट असेल तर जास्त ऊर्जा लागते, गॅप मोठी. गॅलियम हा धातू धरा आणि त्याचा जोडीदार बदलत जा. गॅलियम आणि आर्सेनिक, म्हणजे गॅलियम आर्सेनाइड, गॅप १.४२, हिशोब केला तर ८७० नॅनोमीटर, म्हणजे इन्फ्रारेड, डोळ्याला दिसतच नाही. आर्सेनिकच्या जागी आवर्तसारणीत त्याच्याच रकान्यातला पण लहान असलेला फॉस्फरस घाला, गॅलियम फॉस्फाइड, गॅप २.२६. अजून लहान नायट्रोजन घाला, गॅलियम नायट्राइड, गॅप ३.४, म्हणजे ३६५ नॅनोमीटर, इथे आपण निळ्याच्याही पलीकडे अल्ट्राव्हायोलेटमध्ये पोचलो. जोडीदार लहान होत गेला, बंध आखूड आणि घट्ट होत गेला, रंग दिसेनासा लाल ते दिसेनासा जांभळा असा सरकत गेला. मधला सगळा दिसणारा पट्टा या तिघांच्या दरम्यान आहे.

आणि हे स्फटिक एकमेकांत मिसळता येतात. आर्सेनाइड आणि फॉस्फाइड एकत्र वाढवले तर गॅप मधे कुठेतरी येते, प्रमाण बदलून हवी तिथे आणता येते. १९६२ साली जनरल इलेक्ट्रिकमध्ये निक होलोनियाक यांनी हेच केलं, गॅलियम आर्सेनाइड फॉस्फाइड वापरून दिसणारा लाल प्रकाश काढला. फॉस्फरस साधारण ४० टक्के घातला की गॅप १.९ च्या आसपास जाते, म्हणजे ६५० नॅनोमीटर, गडद लाल.

इथपर्यंत वाचून कोणालाही वाटेल, मग फॉस्फरस वाढवत जायचा, लाल मग नारिंगी मग पिवळा मग हिरवा, आणि त्याच रस्त्याने निळ्याकडे. मलाही आधी असंच वाटलं होतं, आणि माझ्या मते बहुतेक जण इथेच अडकतात, कारण "गॅप म्हणजे रंग" हे अर्धंच उत्तर आहे. गॅपची उंची रंग ठरवते. प्रकाश मुळात येईल की नाही हे दुसरीच गोष्ट ठरवते.

ती गोष्ट म्हणजे इलेक्ट्रॉनचा संवेग. स्फटिकातल्या इलेक्ट्रॉनकडे ऊर्जा असते तसा संवेगही असतो, आणि पडताना दोन्हींचा हिशोब जुळावा लागतो. फोटॉन ऊर्जा भरपूर नेतो पण संवेग जवळजवळ नेतच नाही, स्फटिकातल्या इलेक्ट्रॉनांच्या मानाने तो नगण्य. म्हणजे फोटॉन सोडून पडायचं असेल तर इलेक्ट्रॉनला वरच्या मजल्यावरून सरळ खालीच पडता आलं पाहिजे, बाजूला सरकता येणार नाही. काही पदार्थांत वरच्या पट्ट्याचा सगळ्यात खोल खड्डा, जिथे इलेक्ट्रॉन येऊन साचतात, तो बरोबर खालच्या पट्ट्याच्या सर्वात उंच भागाच्या वरच असतो, जिथे होल साचतात. तिथे इलेक्ट्रॉन सरळ पडतो आणि प्रकाश येतो. याला डायरेक्ट गॅप म्हणतात. काही पदार्थांत तो खड्डा बाजूला सरकलेला असतो, मग इलेक्ट्रॉनला पडायचं तर संवेग कोणाला तरी द्यावा लागतो आणि तो घेणारं फक्त स्फटिकाचं स्वतःचं थरथरणं असतं. इलेक्ट्रॉन, होल आणि योग्य ते थरथरणं असे तिघं एकाच वेळी जुळून येणं दुर्मिळ, तोपर्यंत इलेक्ट्रॉन स्फटिकातल्या एखाद्या दोषापाशी जाऊन त्याची ऊर्जा उष्णतेत घालवून बसतो. हा इनडायरेक्ट गॅप. सिलिकॉन असाच आहे, म्हणून सगळं इलेक्ट्रॉनिक्स सिलिकॉनवर चालतं पण सिलिकॉनचा एलईडी दिवा कोणी लावत नाही.

आता परत आपल्या मिश्रणाकडे. गॅलियम आर्सेनाइड डायरेक्ट आहे. गॅलियम फॉस्फाइड इनडायरेक्ट आहे. म्हणजे मधे कुठेतरी बदल होणार, आणि तो फॉस्फरस ४५ टक्क्यांच्या पुढेमागे होतो. बघा किती वाईट जागी आहे ते. ४० टक्क्यांना ६५० नॅनोमीटर, ४५ टक्क्यांना जेमतेम ६३०, आणि तिथेच प्रकाश विझायला लागतो. याच्यावर एक हुशार उपाय निघाला, इनडायरेक्ट मिश्रणात थोडासा नायट्रोजन टाकायचा, तो इलेक्ट्रॉनला एका जागी धरून ठेवतो, आणि एकाच ठिकाणी घट्ट धरलेल्या इलेक्ट्रॉनचा संवेग पक्का उरत नाही, त्यामुळे सरळ पडण्याची अट सैल होते. जुने पिवळे आणि पोपटी इंडिकेटर दिवे असेच चालायचे, पण ते इंडिकेटरच, उजेडासाठी नाही.

लालचं खरं उत्तर वेगळं निघालं, ॲल्युमिनियम गॅलियम इंडियम फॉस्फाइड. चार मूलद्रव्यांचं नाव ऐकून घाबरायला होतं पण प्रत्येकाचं काम साधं आहे. हा थर गॅलियम आर्सेनाइडच्या चकतीवर वाढवतात, आणि खालच्या स्फटिकातलं अणूंचं अंतर आणि वरच्यातलं अंतर जुळलं नाही तर थरात चिरा आणि दोष पडतात, प्रत्येक दोष म्हणजे इलेक्ट्रॉन गिळणारं भोक. इंडियमचा अणू मोठा, गॅलियमचा लहान, दोघं साधारण निम्मेनिम्मे घेतले की फॉस्फाइडचं अंतर खालच्या आर्सेनाइडशी बरोबर जुळतं. त्याची गॅप साधारण १.९, ६५० नॅनोमीटर, आणि डायरेक्ट. आता गॅलियमच्या जागी थोडं ॲल्युमिनियम घाला, ॲल्युमिनियमचा अणू गॅलियमच्याच मापाचा वागतो म्हणून अंतर हलत नाही, पण गॅप वाढते. म्हणजे अंतर एका बटणाने आणि रंग दुसऱ्या बटणाने, दोन्ही वेगवेगळे फिरवता येतात. याच गोष्टीसाठी मला हा पदार्थ फार आवडतो.

थोड्या ॲल्युमिनियमने आपण ६३० वर येतो. आणि ६३० च का, ६५० का नाही, तर आपला डोळा ६५० ला फारच मंद आहे, तेवढीच ऊर्जा ६३० ला दिली तर साधारण अडीच पट जास्त उजेड वाटतो. ॲल्युमिनियम अजून वाढवलं तर नारिंगी, मग ५९० चा पिवळा. पण हिरव्याकडे जायला लागलो की पुन्हा तीच भिंत, ५६० च्या आसपास हाही इनडायरेक्ट होतो. त्याच्या आधीपासूनच प्रकाश घटायला लागतो, कारण बाजूचा खड्डा जवळ आला की इलेक्ट्रॉन तिकडे सांडायला लागतात.

लालमध्ये अजून एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ज्या चकतीवर हा थर वाढवला तिची गॅप १.४२, आणि आपला फोटॉन १.९७ चा. ज्या फोटॉनची ऊर्जा गॅपपेक्षा जास्त, तो त्या पदार्थात शोषला जातो. म्हणजे खाली गेलेला अर्धा प्रकाश चकतीच गिळून टाकते. म्हणून चांगल्या लाल एलईडीमध्ये थर वाढवून झाल्यावर चकती काढून टाकतात आणि त्या जागी लालला पारदर्शक असलेलं गॅलियम फॉस्फाइड चिकटवतात, किंवा खाली आरसा बसवतात. जे फॉस्फाइड प्रकाश द्यायला नालायक ठरलं तेच इथे खिडकी म्हणून उपयोगी पडतं, गॅप २.२६ असल्यामुळे लाल त्यातून आरपार जातो.

निळ्याकडे वळू. २.७० ची गॅप हवी, आणि डायरेक्ट हवी. फॉस्फाइडचा रस्ता बंद झाला. सिलिकॉन कार्बाइडची गॅप पुरेशी मोठी आहे, त्याचे निळे एलईडी विकलेही जायचे, पण तो इनडायरेक्ट, त्यामुळे दिलेल्या विजेचा एक टक्कासुद्धा प्रकाश होत नसे. झिंक सेलेनाइड डायरेक्ट आहे आणि गॅप बरोबर २.७ च्या आसपास, म्हणून खूप लोक त्याच्या मागे होते, पण त्याचे बंध कमजोर, चालता चालता स्फटिकात दोष वाढत जायचे आणि उपकरण मरायचं. राहिला गॅलियम नायट्राइड, डायरेक्ट, बंध कमालीचे घट्ट. त्याच्या दोन अडचणी होत्या.

पहिली, चकती. स्वतः गॅलियम नायट्राइडची चकती बनवणं फार अवघड, म्हणून नीलम म्हणजे सफायरवर वाढवायचं, आणि दोघांच्या अणूंच्या अंतरात १६ टक्के फरक. लालमध्ये आपण अंतर जुळवायला केवढी खटपट केली ते आठवा. १९८६ मध्ये जपानच्या नागोया विद्यापीठात इसामु आकासाकी आणि हिरोशी अमानो यांनी सफायरवर आधी कमी तापमानाला ॲल्युमिनियम नायट्राइडचा पातळ थर दिला आणि मग तापमान हजार अंशांच्या वर नेऊन त्याच्यावर गॅलियम नायट्राइड वाढवलं, तेव्हा कुठे गुळगुळीत स्फटिक मिळाला.

दुसरी अडचण जास्त चिवट होती. जंक्शनसाठी एका बाजूला होल लागतात, त्यासाठी मॅग्नेशियम मिसळायचं, आणि मिसळून काही होतच नव्हतं, पदार्थ वीज वाहायलाच तयार नाही. १९८९ मध्ये याच दोघांना दिसलं की इलेक्ट्रॉनचा झोत मारला की होल तयार होतात. का, ते १९९२ मध्ये निचिया कंपनीतल्या शुजी नाकामुरा यांच्या कामातून कळलं. थर वाढवताना अमोनिया वापरतात, त्यातला हायड्रोजन आत शिरून मॅग्नेशियमला चिकटून बसतो आणि त्याला निकामी करतो. झोताने हायड्रोजन सुटायचा, पण त्यासाठी झोतच पाहिजे असं नाही, नायट्रोजन वायूत ७०० अंशांच्या आसपास तापवलं तरी तो निघून जातो. भट्टीत तापवणं म्हणजे कारखान्यात करता येणारी गोष्ट. तरीही शंभर मॅग्नेशियम अणूंतला एखाद-दुसराच प्रत्यक्ष होल देतो, म्हणून तो खूप घालावा लागतो. निळ्याच्या व्होल्टेजमधला वरचा थोडा भाग इथूनही येतो. १९९३ च्या शेवटी पहिला खरा झगझगीत निळा एलईडी आला, आणि २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल या तिघांना मिळालं.

पण गॅलियम नायट्राइड तर ३.४ ला, अल्ट्राव्हायोलेटमध्ये. निळ्यावर खाली आणायला इंडियम मिसळायचं, इंडियम नायट्राइडची गॅप साधारण ०.७ आहे. दोन टोकांमध्ये सरळ रेष ओढली तर २.७ साठी २६ टक्के इंडियम लागायला हवं. खरं तर १५ ते २० टक्केच पुरतं, कारण मिश्रणाची गॅप सरळ रेषेत जात नाही, मधे झोळीसारखी लोंबते. हा इंडियमवाला थर जेमतेम तीन नॅनोमीटर जाड असतो, दोन्ही बाजूंना गॅलियम नायट्राइडच्या भिंती, इलेक्ट्रॉन आणि होल त्या चिंचोळ्या जागेत कोंडले जातात आणि तिथेच भेटतात.

एक प्रश्न राहतोच. सफायरवरच्या या स्फटिकात एका चौरस सेंटीमीटरमध्ये दहा कोटींच्या घरात दोषरेषा असतात, तेवढे दोष लालच्या पदार्थात असते तर तो पेटलाच नसता. मग निळा का पेटतो? सर्वात मान्य असलेलं उत्तर असं की इंडियम थरात सगळीकडे सारखं पसरत नाही, कुठे किंचित जास्त कुठे कमी, आणि त्या बारीक खड्ड्यांत होल अडकून पडतात, दोषापर्यंत पोचतच नाहीत.

तेच इंडियम अजून वाढवत नेलं तर लालसुद्धा व्हायला हवा, आणि नायट्राइड तर शेवटपर्यंत डायरेक्टच राहतं. कागदावर बरोबर आहे. पण लालसाठी इंडियम ३० टक्क्यांच्या पुढे लागतं, इंडियमचा मोठा अणू एवढा कोंबला की थर प्रचंड ताणाखाली येतो, इंडियम टिकावं म्हणून भट्टी थंड ठेवावी लागते आणि थंड भट्टीत स्फटिक वाईट वाढतो. शिवाय या ताणामुळे थरात विद्युत क्षेत्र तयार होतं, ते इलेक्ट्रॉनला एका भिंतीकडे आणि होलला दुसऱ्या भिंतीकडे ओढतं, भेटणंच कमी होतं, आणि करंट वाढवला की हे क्षेत्र झाकलं जाऊन रंग लालकडून नारिंगीकडे सरकतो. स्क्रीनसाठी लागणाऱ्या अतिसूक्ष्म एलईडीमध्ये मात्र लोक याच्या मागे आहेत, कारण फॉस्फाइडचा लाल तुकडा फार लहान कापला की त्याच्या कडांवरच इलेक्ट्रॉन वाया जातात, नायट्राइडमध्ये ते कमी होतं.

टेबलावरच्या त्या दोन एलईडींवर अजून एक प्रयोग होतो, तो नक्की करून बघा. बॅटरी काढा, मीटर डीसी व्होल्टवर ठेवा आणि लाल एलईडीच्या पायांना लावा. आता तिसरा, पेटलेला लाल किंवा हिरवा एलईडी त्याच्या तोंडाला तोंड लावून धरा, खोली अंधारी ठेवा. मीटर हलेल, कारण आलेल्या फोटॉनांकडे गॅप ओलांडायला पुरेशी ऊर्जा आहे, ते इलेक्ट्रॉनला खालून वर उचलतात, म्हणजे आधी जे बघितलं त्याच्या उलट. मग तोच पेटलेला लाल एलईडी निळ्यासमोर धरा. मीटर ढिम्म. लाल प्रकाश कितीही वाढवला तरी ढिम्मच, कारण एकेका फोटॉनकडे १.९७ आहे आणि त्या तीन नॅनोमीटरच्या थराला २.७० हवेत.